'जमलं तर बघा' आणि 'हिच्याशी बोलच'

पुण्यातल्या कुठल्याही सॉफ्टवेअर कंपनीत एखादी जागा निघाली, की ती भरणाऱ्या मॅनेजरकडे दोन वाटांनी सीव्ही येतात. एक वाट एचआरची. जॉब पोर्टल, एजन्सी आणि कंपनीचं स्वतःचं रेफरल पोर्टल यांतून चाळून आलेले अर्ज तिथून येतात. दुसरी वाट थेट फोनमध्ये उघडते. कुणीतरी वरिष्ठ मेल फॉरवर्ड करतो, टीम्सवर चार ओळी टाकतो किंवा व्हॉट्सॲपवर पीडीएफ पाठवून खाली लिहितो, 'प्लीज बघा'. या दुसऱ्या वाटेनं आलेल्या संदेशाचं काय करायचं, हा प्रश्न प्रत्येक नव्या मॅनेजरला पडतो. कारण त्या चार ओळींमागे 'हा माणूस सोडू नकोस' असंही असू शकतं, आणि 'मला पाठवायला सांगितलं होतं, मी पाठवलं' एवढंच असू शकतं.

चूक दोन्ही बाजूंनी महागात पडते. भिडेखातर पाठवलेला सीव्ही म्हणजे साहेबांचा हुकूम असं समजून कुणाला घेतलं, तर टीम वर्षभर ते ओझं वाहते. बरेचदा साहेबांना आपण असं काही पाठवल्याचं आठवतही नाही. उलट खरीखुरी शिफारस नेहमीच्या गठ्ठ्यात पडून राहिली, तर तो उमेदवार पंधरा दिवसांत दुसरीकडे ऑफर घेऊन मोकळा होतो. आपल्याकडच्या आयटी कंपन्यांत नोटीस पीरियड बहुधा दोन ते तीन महिन्यांचा असतो. एक माणूस हातचा गेला, की पुढचा येईपर्यंत निम्मं वर्ष निघून जातं.

पोर्टलवरच्या रेफरलबद्दल आधी थोडक्यात सांगतो. तिथं कर्मचारी जागेचा जॉब आयडी निवडून सीव्ही चढवतो. उमेदवार रुजू होऊन ठरावीक महिने टिकला, तर त्याला बक्षिसाची रक्कम मिळते. त्यामुळे लिंक्डइनवर कालच ओळख झालेल्या माणसाचा सीव्हीही लोक चढवतात, आणि त्यात गैर काही नाही. मात्र त्या नोंदीवरून शिफारस करणाऱ्याचं मत कळत नाही. वरिष्ठांच्या संदेशाचं तसं नसतं. बऱ्याच कंपन्यांत वरच्या पदांवरच्या लोकांना हे बक्षीस लागूच नसतं, म्हणजे ते पैशासाठी लिहीत नाहीत. ते लिहितात ओळखीसाठी, नात्यासाठी किंवा त्या माणसाच्या कामाची खात्री असते म्हणून. यातलं नेमकं काय, ते संदेशातूनच शोधायचं असतं.

माझ्या मते या शोधात लोक एका ठिकाणी हमखास फसतात. साहेबांनी किती जोर लावून लिहिलंय, हे ते पाहतात. वास्तविक आग्रह आणि माहिती या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एखाद्याचा आग्रह मोठा आणि माहिती शून्य असू शकते, तर एखाद्याचा सूर थंड असूनही माहिती पक्की असते. संदेश वाचताना या दोन्हींचं मोजमाप वेगवेगळं करावं लागतं.

एकच जागा घेऊन बघू. समजा, खराडीतली एक कंपनी बँकांसाठी पेमेंटचं सॉफ्टवेअर बनवते. तिथल्या एका मॅनेजरबाईंना सिनियर बॅकएंड इंजिनिअर हवा आहे. अनुभव सहा-सात वर्षांचा, भाषा जावा आणि काम रिकन्सिलिएशनचं. म्हणजे दिवसभरात झालेले व्यवहार बँकेच्या नोंदींशी रात्री ताडून बघायचे, आणि न जुळणाऱ्या नोंदी सकाळच्या आत वेगळ्या काढून द्यायच्या. एकाच आठवड्यात तीन वरिष्ठांकडून तीन संदेश येतात.

पहिला मेल व्हाइस प्रेसिडेंट साहेबांचा: 'सोबतचा सीव्ही बघावा. मुलगा हुशार व मेहनती आहे. घरची माणसंही चांगली आहेत. तुमच्याकडे किंवा अन्य टीममध्ये योग्य जागा असल्यास विचार व्हावा.' मेल एचआरला आणि आणखी दोन मॅनेजरनाही गेलेला आहे.

दुसरा संदेश टीम्सवर, शेजारच्या विभागातल्या आर्किटेक्टचा: 'तुझी ती रिकन्सिलिएशनची जागा भरली का? नसेल तर हिच्याशी बोलच. आधीच्या कंपनीत आम्ही एका टीममध्ये होतो, दोन वर्षं तिचा कोड मी रिव्ह्यू केलाय. रात्रीचा जॉब साडेपाच तास चालायचा, तिनं तो दीड तासावर आणला. मुख्य म्हणजे मध्येच बंद पडला तर पहिल्यापासून चालवायला लागू नये अशी सोय केली. बोलायला बुजरी आहे, प्रेझेंटेशन द्यायला लावलंस तर तुझं मत वाईट होईल. नोटीस तीन महिन्यांची आहे. काही विचारायचं असेल तर आज चारनंतर फोन कर.'

तिसरा संदेश व्हॉट्सॲपवर, सेल्सच्या डायरेक्टरांचा: 'एकदम रॉकस्टार मुलगा आहे. माझ्या शब्दावर घे. या आठवड्यातच इंटरव्ह्यू लाव आणि काय झालं ते मला कळव.'

पहिला संदेश ओळखणं सोपं आहे, पण तो कशावरून ओळखायचा ते नीट पाहायला हवं, कारण त्यात उमेदवाराविरुद्ध एक शब्दही नाही. यातलं प्रत्येक वाक्य कुठल्याही उमेदवाराला लागू पडेल. हुशार, मेहनती, घर चांगलं. साहेबांनी या मुलाला काम करताना कधी, कुठं पाहिलं, हे कुठंच येत नाही. जागा कोणती हेही त्यांनी पाहिलेलं नाही, म्हणून तर 'अन्य टीममध्ये' आलं आणि मेल एकदम चौघांना गेला. ज्याला एखाद्या माणसाबद्दल खरोखर खात्री असते, तो एका जागेकडे बोट दाखवतो आणि एकाच माणसाशी बोलतो. मग बाईंनी मेल खाली सरकवला. फॉरवर्ड केलेल्या मेलच्या तळाशी मूळ पत्र असतं, आणि बरेच जण तिथपर्यंत जातच नाहीत. तिथं मुलानं लिहिलं होतं, 'सर, गेल्या रविवारी काकांच्या साठीशांतीला आपली भेट झाली होती. आपण सीव्ही पाठवायला सांगितलं होतं.' विषय संपला. समारंभात कुणीतरी गळ घातली, साहेबांनी शब्द दिला आणि तो पाळला. यात साहेबांचं काही चुकलेलं नाही.

संदेशात काय आलं नाही यावरून अर्थ लावणं, ही पद्धत तत्त्वज्ञानात प्रसिद्ध आहे. पॉल ग्राइस या ब्रिटिश तत्त्ववेत्त्यानं 1967 मध्ये हार्वर्डला दिलेल्या व्याख्यानांत नेमकं शिफारसपत्राचंच उदाहरण घेतलं होतं. तत्त्वज्ञानाच्या नोकरीसाठी एका विद्यार्थ्यानं अर्ज केला आहे. त्याचे प्राध्यापक पत्रात एवढंच लिहितात, की त्याचं इंग्रजी उत्तम आहे आणि तो वर्गाला नियमित हजर असायचा. पत्रात वाईट काहीच नाही. पण वाचणाऱ्याला लगेच कळतं, की तत्त्वज्ञानात या विद्यार्थ्याला फारशी गती नसावी. प्राध्यापक त्याला ओळखतात, कुठल्या कामासाठी पत्र हवंय हे त्यांना माहीत आहे, तरी त्या कामाबद्दल ते गप्प आहेत. ग्राइसचं म्हणणं होतं, की जिथं बोलणं अपेक्षित होतं तिथं न बोलणं हेही सांगणंच असतं.

आपल्या मेलला हे लावताना मात्र एक फरक ध्यानात ठेवायला हवा. ते प्राध्यापक विद्यार्थ्याचं काम जाणून गप्प होते. साठीशांतीत भेटलेल्या मुलाचं काम साहेबांना ठाऊकच नाही. त्यांच्या गप्प बसण्यातून मुलगा कच्चा आहे असं काही निघत नाही. भिडेखातर आलेला संदेश म्हणजे कोरा कागद. त्यावरून चांगलंही ठरवता येत नाही आणि वाईटही. ही गोष्ट मी मुद्दाम ताणून सांगतो आहे, कारण 'वशिल्याचा दिसतोय' म्हणून असे सीव्ही रागानं बाजूला टाकणारेही मी पाहिले आहेत, आणि तो त्या उमेदवारावर अन्याय आहे. बाईंनी सीव्ही वाचला. अनुभव दोनच वर्षांचा होता, या जागेला पुरेसा नव्हता. त्यांनी तो एचआरकडे कनिष्ठ जागांच्या यादीसाठी दिला आणि साहेबांना तसं कळवलं.

दुसऱ्या संदेशात एकही मोठं विशेषण नाही. पण त्यातला एकेक तपशील प्रत्यक्ष पाहिल्याशिवाय लिहिता येणार नाही असा आहे. साडेपाच तासांचे दीड तास झाले, एवढं कदाचित सीव्हीवरही असेल. मध्येच बंद पडलेला जॉब पहिल्यापासून न चालवण्याची सोय ही गोष्ट मात्र तो कोड ज्यानं वाचला, तोच 'मुख्य म्हणजे' करून सांगेल. रात्री दोन वाजता जॉब कोसळल्यावर तो पुन्हा पहिल्यापासून चालवायची वेळ ज्याच्यावर आली आहे, त्यालाच तिची किंमत कळते. शिवाय ओळख कशी, किती काळाची आणि कुठल्या नात्यानं, हे त्यानं आपण होऊन सांगितलं आहे. 'दोन वर्षं कोड रिव्ह्यू केलाय' या वाक्यात तो स्वतःला साक्षीदार म्हणून उभं करतो.

तिच्या बुजरेपणाचा उल्लेख मला या संदेशातला सगळ्यात मोलाचा भाग वाटतो. भिडेखातर लिहिणारा उणं कधीच लिहीत नाही. त्याला फक्त सीव्ही पुढं ढकलायचा असतो, मग उगाच अडथळा कशाला घाला? उणं तोच सांगतो ज्याला माणूस निवडला जावा असं वाटतं, आणि मुलाखतीत तो कुठं अडेल याचा त्यानं आधीच विचार केलेला असतो. 'प्रेझेंटेशनला लावू नकोस' ही उमेदवाराची काळजी आहे, तशी मॅनेजरचीही. शेवटी येते फोनची वेळ. फोनवर बोलायला तयार असणं म्हणजे उलट प्रश्नांना तयार असणं. उद्या ती मुलगी कामात कच्ची निघाली, तर हा आर्किटेक्ट रोज कॅन्टीनमध्ये समोर येणार आहे. त्यानं स्वतःची पत इथं लावली आहे.

तिसरा संदेश सगळ्यात अवघड. यात आग्रह पुरेपूर आहे, मुदत आहे, पाठपुरावा करायचा इरादाही आहे. घाईत वाचणारा याला तिन्हींतली सगळ्यात जोरकस शिफारस समजेल. पण माहिती किती आहे? एक शब्द, 'रॉकस्टार'. इथं लिहिणाऱ्याची सवय माहीत असावी लागते. बाईंनी डायरेक्टरांसोबतचं जुनं चॅट वर सरकवून पाहिलं. आधी पाठवलेले दोन उमेदवारही रॉकस्टारच होते. काही लोकांचं बोलणंच तसं असतं. उलट एखादा जुना, शिस्तीचा प्रोजेक्ट मॅनेजर 'ठीक आहे, काम करतो' एवढंच लिहितो आणि त्याच्या तोंडून ती फार मोठी दाद असते. म्हणून संदेश एकटा वाचू नये. त्याच माणसानं आधी कुणाबद्दल काय लिहिलं होतं आणि ती माणसं पुढं कशी निघाली, त्याच्या शेजारी ठेवून तो वाचावा.

तरीही शंका उरते, तेव्हा फोन करावा. असा फोन करायला नवे मॅनेजर कचरतात. साहेबांवर शंका घेतल्यासारखं होईल, असं त्यांना वाटतं. प्रश्न नीट विचारला तर तसं काही होत नाही. बाईंचं बोलणं साधारण असं झालं:

'सर, मुलाबद्दल थोडं विचारायचं होतं. त्याचं काम तुम्ही कुठं पाहिलंत?'

'अगं, माझ्या बॅचमेटच्या टीममध्ये आहे तो. तो फार वाखाणतो त्याला. आणि मी एकदा त्याचा डेमो पाहिला होता, क्लायंटला अक्षरशः जिंकलंन.'

'अच्छा. मग तुमच्या त्या मित्रांशी पाच मिनिटं बोलू का? आमचं काम जरा वेगळं आहे, म्हणून.'

'बोल की. नंबर पाठवतो. सांग, मी दिलाय म्हणून.'

'पाहिलंत' या प्रश्नानं काम केलं. 'कसा आहे?' असं विचारलं असतं तर पुन्हा विशेषणंच आली असती. 'कुठं पाहिलंत?' म्हटल्यावर माहितीचा खरा मालक कोण ते उघड झालं. मित्राकडून पाच मिनिटांत उलगडा झाला. मुलगा खरंच चांगला आहे, पण गेली तीन वर्षं तो प्रीसेल्समध्ये आहे. क्लायंटच्या गरजा समजून घेणं, डेमो उभा करणं, शंकांना उत्तरं देणं, यात तो तरबेज आहे. कोड लिहिणं मात्र सुटलेलं आहे. म्हणजे डायरेक्टरांचा शब्द खोटा नव्हता, तो दुसऱ्याच कामाबद्दलचा होता. जोरदार शिफारशी बरेचदा अशाच चुकतात. माणूस खरा, कौतुकही खरं, फक्त जागा वेगळी.

फोनवर विचारण्याजोगा आणखी एक प्रश्न आहे, आणि तो मला सगळ्यात उपयोगी वाटतो: 'तुमच्या स्वतःच्या टीममध्ये जागा असती, तर याला कुठल्या कामावर घेतलं असतंत?' ज्याला माहिती आहे तो लगेच काम सांगतो, कधी 'डेटाबेसच्या कामावर घेतलं असतं, पण एकट्यावर सोडलं नसतं' अशी बारीक छटाही सांगतो. ज्यानं भिडेखातर पाठवलंय, तो थोडा थांबतो आणि म्हणतो, 'ते तुमच्या प्रोसेसप्रमाणे बघा.' या उत्तरात बहुधा सुटकाही असते. आपल्या शब्दाचा दबाव पडलेला नाही हे कळून त्यालाही बरं वाटतं.

एक प्रकार मात्र या सगळ्या कसोट्यांना चकवतो. कंपनीच्या आतल्याच बदलीसाठी एखादा मॅनेजर स्वतःच्या माणसाची शिफारस करतो, तपशील भरपूर देतो, फोनवरही मोकळेपणानं बोलतो. तेव्हा मनात एक प्रश्न ठेवावा: इतका चांगला माणूस हा सोडतोय का? उत्तर कधी सरळ असतं. प्रोजेक्ट संपतोय, माणूस बेंचवर जाईल, म्हणून त्याची धडपड आहे. कधी मात्र कटकट दुसऱ्याच्या गळ्यात घालायची असते. इथं शिफारस करणाऱ्याला विचारून फार काही हाती लागत नाही. त्या माणसाच्या हाताखाली किंवा बरोबरीनं काम केलेल्या एखाद्याशी बोलावं लागतं.

याच्या उलटही घडतं. दुसऱ्या कंपनीतल्या जुन्या बॉसकडे चौकशी केली आणि त्यानं फक्त पद आणि तारखा सांगितल्या, तर तो नाराज आहे असं समजू नये. कित्येक कंपन्यांत त्यापलीकडे काही सांगायची परवानगीच नसते. तो कोरेपणा नियमाचा असतो.

आता आर्किटेक्टच्या त्या उमेदवाराकडे वळू. तिच्यासाठी शिफारस भक्कम होती, तरी बाईंनी तिला थेट घेतलं नाही, आणि ते बरोबरच होतं. भक्कम शिफारशीनं मुलाखतीची तारीख लवकर मिळावी, मुलाखतीतले गुण मिळू नयेत. आर्किटेक्टची साक्ष दोन वर्षांची आणि एका कंपनीतली आहे. त्याला ती कंपनी सोडून आता तीन वर्षं झाली आहेत. मधल्या काळात तिनं काय केलं हे त्याला ठाऊक नाही, आणि विचारल्यावर त्यानं तसं स्वच्छ सांगितलंही. शिवाय ज्याच्या मागं कुणीच वरिष्ठ नाही, त्याचाही विचार आहे. नांदेडच्या किंवा चंद्रपूरच्या कॉलेजातून आलेल्या, घरात पहिल्यांदाच या क्षेत्रात पाऊल टाकणाऱ्या मुलासाठी टीम्सवर चार ओळी टाकणारं कुणी नसतं. त्याचा कोड तितकाच चांगला असू शकतो. म्हणून बाईंनी संदेशातली एक सूचना सगळ्यांनाच लागू केली. या जागेसाठी प्रेझेंटेशनची फेरी काढून टाकली आणि त्याऐवजी प्रत्येक उमेदवाराला एक अर्धवट बंद पडणारा जॉब दुरुस्त करायला दिला. कामाला जे लागतं तेच तपासलं गेलं, आणि बुजऱ्या माणसाचं नुकसानही टळलं.

उमेदवाराच्या बाजूनं पाहिलं, तर यातून एक गोष्ट हाती लागते. अमेरिकन समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी 1973 मधल्या आपल्या गाजलेल्या निबंधात दाखवलं होतं, की ओळखीतून नोकरी मिळालेल्या बहुतेकांना ती अधूनमधून किंवा क्वचितच भेटणाऱ्या माणसाकडून मिळाली होती. दूरच्या ओळखीचा माणूस वेगळ्या वर्तुळात वावरतो, त्यामुळे आपल्यापर्यंत न आलेली खबर त्याच्याकडे असते. तेव्हा साठीशांतीत भेटलेल्या साहेबांना सीव्ही देण्यात काहीच चूक नाही. फक्त त्यांच्याकडून खबर मागावी: कुठं जागा आहे, कोण भरतंय, काम काय आहे. कामाची साक्ष मात्र ज्यानं काम पाहिलंय त्याच्याकडेच मागावी. तीही 'माझा सीव्ही पुढं पाठवाल का?' अशी नको. 'त्या रात्रीच्या जॉबवर आपण एकत्र काम केलं होतं, त्याबद्दल दोन ओळी लिहू शकाल का?' असं विचारावं. मग होकार द्यायचा की नाही, हे त्याला मोकळेपणानं ठरवता येतं, आणि होकार दिला तर काय लिहायचं तेही कळतं.

राहता राहिलं वरिष्ठांना उत्तर. तिघांनाही बाईंनी त्याच आठवड्यात उत्तर दिलं, पण वेगवेगळं. व्हाइस प्रेसिडेंटना दोन ओळी: सीव्ही पाहिला, या जागेला अनुभव कमी पडतो, एचआरच्या यादीत घेतला आहे, मुलालाही कळवलं आहे. डायरेक्टरांना जरा सविस्तर: तुमच्या मित्रांशी बोलले, मुलगा सोल्यूशन कन्सल्टंटच्या जागेला जास्त शोभेल, ती जागा तुमच्याच विभागात पुढच्या तिमाहीत निघते आहे. आर्किटेक्टला फोन, चार वाजून पाच मिनिटांनी. मुलाखत गुरुवारी ठरली होती आणि तिच्याआधी बाईंना त्याच्याकडून एकच गोष्ट हवी होती: तो रात्रीचा जॉब दुरुस्त करताना तिचं आणि त्याचं कशावरून वाजलं होतं, आणि शेवटी कुणाचं खरं ठरलं.